कंस जुळवणारं व्याकरण
आपण एकच नियम घेतला:

```
S → (S)S | ε
```

ε म्हणजे रिकामी ओळ. यातून जुळलेलेच कंस निघतात, हे उघड आहे. प्रत्येक उघडत्या कंसासोबत, त्याच्या उजवीकडे, मिटता कंस येतोच. कस लागतो तो उलट बाजूला: जुळलेली प्रत्येक ओळ यातून निघते का?

डावीकडून मोजू. कंस उघडला की एक वाढवायचा, मिटला की एक कमी. मोजणी पहिल्यांदा शून्यावर आली की तिथे ओळ तोडायची. `(())()` चौथ्या चिन्हाशी तुटते: पहिल्या जोडीच्या आत `()`, पुढे `()`. मधे शून्य आलंच नव्हतं, म्हणून आतला भाग स्वतंत्रपणे जुळलेला, उरलेलाही तसाच. दोन्ही मूळ ओळीपेक्षा आखूड, म्हणून गणिती विगमनाने दोन्ही `S` मधून निघतात. मात्र ‘पहिल्यांदा’ हा शब्द विसरून `()()` शेवटच्या शून्याशी तोडलंत, तर आत `)(` उरतं आणि सिद्धता तिथेच अडते.