एक 'बी' गाळला, एक 'एन' गाळला

दोन भाषांतले तुकडे जोडून नवा ब्रँड-शब्द घडवताना एखादे अक्षर गाळण्याचा मोह होतो. ते गाळल्यावर नवा शब्द होतो की जुन्याच शब्दाचे चुकीचे स्पेलिंग, हे ठरवतो उच्चार. दोन जुन्या नावांत हे नीट दिसते.

अमेरिकेत छतावर घालायच्या पत्र्यासारख्या लवचिक आवरणाला एका कंपनीने 'रुबेरॉइड' नाव दिले. इंग्रजी 'रबर'ला ग्रीक वळणाचा 'ऑइड', म्हणजे 'सारखा', हा प्रत्यय जोडला आणि 'रबर'च्या स्पेलिंगमधला एक 'बी' काढला. दुसऱ्या कंपनीने 'रबेरो' नावाने तसाच माल आणल्यावर वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. 1911 साली निकाल लागला, तो रुबेरॉइडवाल्यांच्या विरुद्ध. रबरासारखी वस्तू, असे मालाचे वर्णनच या शब्दात आहे आणि स्पेलिंग चुकवल्याने ते वर्णन पुसले जात नाही, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. मला ते पटते. 'बी' गेला तरी वाचणाऱ्याच्या मनात रबरच येते.

'सोनी'तही अक्षर गाळलेलेच आहे. लॅटिन 'सोनस' म्हणजे ध्वनी, आणि इंग्रजी 'सनी' म्हणजे लाडका पोरगा. पण 'सनी'चे दोन 'एन'चे स्पेलिंग जपानी माणूस 'सोन-नी' असे वाचणार, आणि जपानीत 'सोन' म्हणजे तोटा. म्हणून अकिओ मोरिता आणि मासारु इबुका यांनी एक 'एन' काढला. त्याबरोबर स्वरही बदलला आणि 'सनी'चे 'सोनी' झाले. 1955 मध्ये हे नाव ट्रान्झिस्टर रेडिओवर आले, 1958 मध्ये कंपनीनेच ते घेतले.

मराठीत ही युक्ती आणखी अवघड होते. देवनागरी उच्चाराप्रमाणे लिहिली जाते, त्यामुळे जादा 'बी'-'एन' लेबलवर उरतच नाहीत. उरतात ते स्वर, आणि तिथेच घोटाळा होतो. समजा, मधाच्या बाटलीसाठी 'मध' आणि सोन्याचा स्पॅनिश शब्द 'ओरो' जोडायचे आहेत. 'मधोर' केले, तर गिऱ्हाईक 'मधुर'ची छपाईतली चूक समजेल. लॅटिन 'ऑरम' घेऊन 'मधोरम' केले, तर डोळा 'मनोरम' वाचून पुढे सरकेल. क्रम उलटून 'ओरोमध' केले, तर दुरुस्त करून जवळ नेता येईल असा ओळखीचा शब्द सापडत नाही. मध मात्र त्यात उघड राहतो, म्हणून कायद्याचे संरक्षण पूर्ण शब्दापुरतेच मिळेल; 'मध'वर हक्क सांगता येणार नाही.

तपासायचे तर कागद न दाखवता शब्द फोनवरून सांगावा आणि ऐकणाऱ्याला लिहायला लावावा. बहुतेकांनी एकच ओळखीचा शब्द लिहिला, तर जोड फसला. मग भारतीय ट्रेडमार्क नोंदणीच्या सार्वजनिक शोधात उच्चारसाम्याचा पर्याय निवडून तो पाहावा. लेबले त्यानंतर छापावीत.