२८ टक्क्यांचा साबण

समजा, एका कंपनीचे चार धंदे आहेत: पॅकबंद चहा, इडली-डोशाचं तयार पीठ, ज्वारी-नाचणीचा खाऊ आणि कपड्यांचा साबण. बाजारातला चहाचा हिस्सा २४ टक्के आहे, साबणाचा २८. यातला कोणता धंदा जपायचा आणि कोणता विकायचा? एमबीए किंवा सीएच्या स्ट्रॅटेजिक मॅनेजमेंटच्या पेपरात या धाटणीचा प्रश्न येतो. बरेच विद्यार्थी २८ हा आकडा मोठा बघून साबणाला झुकतं माप देतात आणि तिथेच उत्तर फसतं.

अशा प्रश्नांत वापरायचा तक्ता म्हणजे बीसीजी मॅट्रिक्स. बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपचे संस्थापक ब्रूस हेंडरसन यांनी १९७० मध्ये तो लोकांपुढे मांडला. तक्त्याच्या उभ्या बाजूला बाजाराच्या वाढीचा दर असतो आणि आडव्या बाजूला सापेक्ष हिस्सा. सापेक्ष हिस्सा म्हणजे आपला हिस्सा भागिले सर्वांत मोठ्या प्रतिस्पर्ध्याचा हिस्सा. चहात पुढचा स्पर्धक १६ टक्क्यांवर आहे, म्हणून २४ भागिले १६, म्हणजे दीड. साबणात समोरचा ५६ टक्के बाजार धरून बसलाय, म्हणजे आपण जेमतेम अर्ध्यावर. सीमारेषा एकची असते. एकाच्या वर एका बाजारात एकच कंपनी असू शकते, ती म्हणजे पहिल्या नंबरची.

या भागाकारामागचा तर्क हेंडरसन यांच्या आधीच्या अभ्यासातून आला होता. उत्पादनाचा अनुभव वाढतो तसा दर नगामागचा खर्च उतरतो. ज्याने सर्वांत जास्त माल बनवला, त्याचा खर्च सर्वांत कमी. त्याच भावात विकूनही त्याच्या हाती जास्त पैसा उरतो. म्हणून नुसता हिस्सा बघून भागत नाही, समोरच्याच्या तुलनेत तो किती हे बघावं लागतं.

दुसरा आकडा वाढीचा. इथे साधारण १० टक्क्यांची रेषा धरतात. प्रश्नात कधी कधी मुद्दाम लिहिलेलं असतं की सवलती देऊन कंपनीने साबणाची विक्री १५ टक्क्यांनी वाढवली. तो आकडा तक्त्यात घ्यायचा नाही. साबणाचा सगळा बाजार किती वाढला ते घ्यायचं. तो ३ टक्के असेल, तर साबण ‘डॉग’च्या घरात जातो. नाव जरा निर्दयी आहे खरं. चहाचा बाजार ४ टक्क्यांनी वाढतोय आणि त्यात आपण पहिले, म्हणून तो ‘कॅश काऊ’, दुभती गाय. पिठाचा बाजार १८ टक्क्यांनी वाढतोय आणि तिथेही आपण दीडपट पुढे; तो ‘स्टार’. खाऊचा बाजार २२ टक्क्यांनी वाढतोय, पण आपला हिस्सा ८ आणि समोरच्याचा ३२. हा ‘क्वेश्चन मार्क’.

पुढे खरी गंमत पैशाची. चहा वर्षाला ४० कोटी मिळवतो आणि स्वतःला टिकवायला १० कोटी मागतो, असं धरू. उरले ३०. पीठ २५ कोटी मिळवतं, पण वाढत्या बाजारात पहिलं राहायला त्याला ३० कोटी लागतात. म्हणजे ‘स्टार’ असूनही ५ कोटींची तूट. खाऊला पुढे न्यायचं तर २० कोटी हवेत आणि तो कमावतो २ कोटी. दोन्ही तुटी मिळून २३ कोटी होतात आणि त्या चहाच्या पैशातून भागतात.

परीक्षकाला अपेक्षित धोरण यातूनच निघतं. चहात ‘होल्ड’: हिस्सा राखा, विस्तारावर उधळू नका, पण जाहिरात बंद करून गाय आटवूही नका. पिठात ‘बिल्ड’, कारण बाजार थंडावला की उद्याची गाय तीच होणार. खाऊत निवड करावी लागते. पहिला नंबर गाठण्याची खरी शक्यता दिसत असेल तर ‘बिल्ड’, नाहीतर वेळीच बाहेर. अर्धवट पैसा ओतत राहणं हे सर्वांत महागाचं उत्तर. साबणात ‘हार्वेस्ट’ म्हणजे खर्च आवळून मिळेल तेवढं काढून घेणं, किंवा ‘डायव्हेस्ट’ म्हणजे विकून मोकळं होणं.

पण विकण्याआधी प्रश्न पुन्हा वाचावा. साबण आणि चहा एकाच टेम्पोतून त्याच दुकानांत जात असतील, तर साबण गेल्यावर वाहतुकीचा सगळा भार चहावर पडेल. तोटा नसलेला असा ‘डॉग’ कधी कधी ठेवणंच परवडतं, आणि कारण लिहिलं तर ते उत्तर पटणारं असतं. तक्ता हे दाखवत नाही, कारण प्रत्येक धंदा स्वतंत्र आहे असं तो धरून चालतो.

बाजार कुठवर धरायचा हेही तक्ता सांगत नाही. वरचे २४ टक्के फक्त महाराष्ट्रातले असतील आणि कोणी देशभरच्या चहाचा बाजार मोजला, तर दीडचा आकडा एकाच्या खूप खाली येईल, आणि ज्या चहावर पीठ आणि खाऊ पोसायचे तोच साबणाशेजारी जाऊन बसेल.