०.३५ मोठे की ०.४?

०.३५ आणि ०.४ यांतली मोठी संख्या कोणती, असे विचारले की दशांश अपूर्णांक नुकतेच शिकलेली बरीच मुले ०.३५ असे उत्तर देतात. उत्तर चुकले हे गणित येणाऱ्या कोणालाही कळते. ते का चुकले आणि आता पुढे काय विचारायचे, हे कळायला मात्र निराळे ज्ञान लागते. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये या ज्ञानाकडे लक्ष वेधले. मराठीत त्याला आशयाधारित अध्यापनज्ञान म्हणता येईल. ते विषयाच्या पदवीतून आपोआप येत नाही, आणि वर्ग ताब्यात ठेवण्याच्या हातोटीतूनही येत नाही. एकेका घटकात मुले कुठे अडखळतात, हे ठाऊक असणे हा त्याचा गाभा आहे.

पाचवी-सहावीला दशांश अपूर्णांक शिकवणाऱ्या अनुभवी शिक्षिकेला दोन चुका आधीच अपेक्षित असतात. काही मुले चिन्हापुढचा भाग पूर्ण संख्येसारखा वाचतात; पस्तीस चारापेक्षा मोठे, म्हणून ०.३५ मोठे. ‘पॉइंट पस्तीस’ असे वाचण्याची सवय या समजाला खतपाणी घालते. दुसऱ्या गटाची चूक नेमकी उलटी असते. शतांश दशांशापेक्षा लहान, एवढे या मुलांच्या मनात पक्के बसलेले असते. त्यामुळे ज्या संख्येत शतांश आहेत ती लहानच, असे ती ठरवून टाकतात.

खरी गोम अशी, की दुसऱ्या गटातली मुले वरच्या प्रश्नाचे उत्तर बरोबर देतात! म्हणून शिक्षिका लगेच दुसरी जोडी फळ्यावर लिहिते: ०.७५ आणि ०.३. इथे पहिला गट बरोबर ठरतो आणि दुसरा ०.३ मोठे म्हणून फसतो. दोन्ही जोड्या एकत्र पाहिल्यावरच कोणाच्या डोक्यात काय चालले आहे ते उघड होते. स्वाध्यायात एकाच धाटणीची दहा उदाहरणे दिली, तर चुकीच्या नियमालाही पैकीच्या पैकी गुण मिळू शकतात.

यावर ‘०.४ पुढे शून्य लावा, मग ०.४० आणि ०.३५ ताडून पाहा’ हा उपाय सर्रास सांगितला जातो. उत्तर येते, पण मूल पुन्हा चाळीस आणि पस्तीसच पाहते. समज होती तिथेच राहते. शिक्षिका त्याऐवजी कागदाची पट्टी घेते. पट्टीचे दहा समान भाग करून चार रंगवले की ०.४ होतात. तशाच दुसऱ्या पट्टीवर तीन भाग रंगवून, चौथ्याचे दहा बारीक तुकडे करायचे आणि त्यांतले पाच रंगवायचे. ते पाच तुकडे मिळून चौथा भाग निम्माच भरतो, हे मुलांना समोर दिसते.

रुपये-पैशांचे उदाहरण सोपे वाटते, पण ते दोन स्थळांपलीकडे जात नाही. दशांश म्हणजे पैसे असे धरून बसलेले मूल दोन्ही जोड्या बिनचूक सोडवते आणि १.३५ व १.३५२ समोर आल्यावर दोन्ही सारख्याच म्हणते. म्हणून तिसरा प्रश्न हाच असतो.