बाटलीवरची तारीख कुणाची?

बालवाडीच्या हॉलमध्ये आयांची बैठक सुरू होती. बोलायला आलेल्या फार्मासिस्टताईंसमोर एकीने अँटिबायोटिक सिरपची बाटली ठेवली. "दीड महिन्यापूर्वी आणलेलं. तळाशी थोडं उरलंय. तारीख पुढच्या वर्षीची आहे. पोराचा घसा परत दुखतोय, देऊ का?"

ताईंनी बाटली उलटसुलट पाहिली. "ही तारीख पावडरची आहे, सिरपची नाही."

अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिडचं हे औषध कोरडंच विकतात, कारण पाण्यात क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड टिकत नाही. पाणी घातलं त्या दिवसापासून नवी मुदत सुरू होते. अशी बाटली फ्रिजमध्ये साधारण 7 दिवस चालते. नेमका आकडा लेबलवर बारीक अक्षरात असतो. पुढे औषधाचा जोर कमी होतो, पण वासावरून किंवा रंगावरून ते कळेलच असं नाही. म्हणून पाणी घालताच बाटलीवर पेनाने तारीख लिहायची.

"मग उरतं कसं? मी तर सगळे डोस दिले," त्या आईचा प्रश्न. ताईंनी हिशेब मांडला. बाटली 30 मिलीची. डॉक्टरांनी सांगितलं अडीच मिली, दिवसातून दोनदा, 5 दिवस. म्हणजे लागलं 25 मिली, उरलं 5. डोस चुकला नव्हता, बाटलीच मोठी होती. ते 5 मिली पुढच्या आजारासाठी नसतात. तेवढ्यात दोनच डोस होतात, तेही जोर गेलेले. शिवाय घसा बऱ्याचदा विषाणूमुळे दुखतो, तिथे अँटिबायोटिकचा उपयोगच नाही. तेव्हा मुलाला आधी डॉक्टरांना दाखवायचं.

डोळ्यांच्या थेंबांचंही असंच. बहुतेक बाटल्या उघडल्यावर महिनाभरात टाकून द्यायच्या, छापील तारीख काहीही असो.

"मग बेसिनमध्ये ओतू?" मागून आवाज आला. नको. ते सांडपाण्यातून नदीत जातं आणि अँटिबायोटिकला दाद न देणारे जंतू वाढायला मदत होते. 2016 च्या घनकचरा नियमांनी मुदत संपलेली औषधं घरगुती घातक कचऱ्यात घातली होती. पालिका तो वेगळा नेत असेल, तर औषध बाटलीसकट तिथेच द्यावं.

तशी सोय नसेल तर? सिरप वापरलेल्या चहा पावडरीत किंवा मातीत कालवायचं. गोळ्या पाकिटातून काढून त्यातच मिसळायच्या. मग पिशवीला घट्ट गाठ मारून ती सुक्या कचऱ्यात टाकायची. असं कालवलेलं औषध मूल किंवा कुत्रं तोंडात घालत नाही. बाटलीचं लेबल फाडायचं, म्हणजे ती कुणी परत भरून विकणार नाही.

एक अपवाद आहे. ट्रॅमाडॉल, मॉर्फिन, फेंटॅनिल अशी मोजकी औषधं चुकून पोटात गेली तर एका डोसानेही जीव जाऊ शकतो. केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेच्या 2025 च्या यादीत अशी 17 औषधं आहेत. परत देण्याची सोय नसेल, तर तेवढीच शौचालयात टाकून पाणी सोडायचं.

त्या आईने पेन मागितलं आणि बाटलीवर फुली मारली.