कुत्र्याचे स्वादुपिंड सुजते तेव्हा

कुत्र्याचे स्वादुपिंड इंग्रजी व्ही अक्षरासारखे असते. त्याची उजवी शाखा लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला, म्हणजे ग्रहणीला, चिकटून खाली जाते आणि डावी शाखा जठराच्या मागे दडलेली असते. या ग्रंथीत अन्न पचवणारी विकरे तयार होतात, पण ती तिथे निष्क्रिय रूपात साठवलेली असतात. ट्रिप्सिनोजेन हे विकर आतड्यात पोचल्यावरच ट्रिप्सिन बनावे, अशी रचना आहे. तीव्र स्वादुपिंडदाहात ते ग्रंथीच्या पेशींमध्येच सक्रिय होते, इतर विकरांनाही जागे करते आणि ग्रंथी स्वतःलाच पचवू लागते. सूज येते, आजूबाजूच्या चरबीलाही ती धरते. गंभीर आजारात दाहाचे परिणाम रक्तावाटे मूत्रपिंड आणि फुप्फुसांपर्यंत पोचतात.

असे का होते, याचे उत्तर बहुतेक वेळा मिळत नाही. धोका कुठे जास्त, हे मात्र माहीत आहे. मिनिएचर श्नाउझर जातीच्या कुत्र्यांच्या रक्तात मेदाचे प्रमाण बरेचदा जास्त असते आणि त्यांना हा आजारही अधिक होतो. लठ्ठपणा, मधुमेह, कुशिंगचा आजार, फिट्ससाठी दिले जाणारे पोटॅशियम ब्रोमाइड यांचाही संबंध आढळला आहे. आणि अर्थातच खाण्यातला अतिरेक. गटारीच्या दुसऱ्या दिवशी मटणाची चरबी आणि रश्श्यातली हाडे खाऊन आलेला कुत्रा उलट्या करत असेल, तर डॉक्टरांच्या मनात स्वादुपिंडाचा विचार येतोच.

अडचण अशी की या आजाराची लक्षणे त्याची एकट्याची नाहीत. खाणे बंद होणे, उलट्या, मरगळ, पोटदुखी, कधी जुलाब, कधी ताप. काही कुत्रे छाती आणि पुढचे पाय जमिनीला टेकून मागचा भाग उंच धरतात. खेळायला बोलावणारा कुत्राही क्षणभर असाच वाकतो, पण दुखणारा कुत्रा त्याच स्थितीत थांबून राहतो किंवा पुन्हा पुन्हा तिकडे वळतो. ही खूण पोटदुखीची आहे, स्वादुपिंडाची खास नव्हे. आतड्यात काही अडकले असेल, मूत्रपिंड निकामी होत असेल किंवा ॲडिसनचा आजार असेल, तरी चित्र जवळपास असेच दिसते. म्हणून रक्ततपासणी आणि सोनोग्राफी यांच्याकडे वळावे लागते.

मेद पचवणाऱ्या विकराचे नाव लायपेज. स्वादुपिंडाच्या पेशी फुटल्या की ते रक्तात उतरते, म्हणून रक्तातले लायपेज मोजण्याची पद्धत जुनी आहे. पण जुन्या चाचण्या लायपेजचे काम मोजत, म्हणजे दिलेला मेद किती वेगाने तुटतो ते पाहत. मेद तोडणारी विकरे जठरात आणि शरीरात इतरत्रही असतात. स्वादुपिंड काढून टाकलेल्या कुत्र्यांच्या रक्तातही लायपेजची क्रिया उरते, हे प्रयोगांत दिसले आहे. मूत्रपिंड बिघडले किंवा स्टेरॉइड दिले, तरी आकडा वाढतो. अमायलेजची गत तीच. आजही अनेक दवाखान्यांच्या रक्त-अहवालात हे दोन आकडे छापून येतात. त्यांच्यावर निदान उभे करू नये.

डीजीजीआर नावाच्या पदार्थावर चालणारी नवी चाचणीही लायपेजचे कामच मोजते. मात्र जुन्या पद्धतींपेक्षा ती स्वादुपिंडाकडे अधिक झुकलेली आहे. वेगळी वाट टेक्सास ए अँड एम विद्यापीठातून निघाली. यर्ग स्टायनर आणि डेव्हिड विल्यम्स यांच्या गटाने कुत्र्याच्या स्वादुपिंडातले लायपेज शुद्ध करून त्यालाच ओळखणारी प्रतिपिंडे वापरली, आणि 2003 मध्ये त्यावर आधारलेली चाचणी प्रसिद्ध केली. ही चाचणी काम मोजत नाही, त्या विशिष्ट प्रथिनाचे प्रमाण मोजते. तिचे प्रयोगशाळेतले रूप स्पेक सीपीएल. त्यात लिटरमागे 200 मायक्रोग्रॅमपर्यंतचा आकडा सामान्य, 400 किंवा त्याहून जास्त असेल तर तो स्वादुपिंडदाहाशी जुळणारा मानतात. मधला पट्टा संशयाचा. दवाखान्यातच दहाएक मिनिटांत होणारे रूप म्हणजे स्नॅप सीपीएल. त्यात रुग्णाचा ठिपका आणि तुलनेचा ठिपका शेजारी शेजारी उमटतात. रुग्णाचा फिका असेल तर सामान्य, तेवढाच किंवा अधिक गडद असेल तर लायपेज वाढलेले. गडद ठिपका 220 चा आहे की 1,200 चा, हे तो सांगत नाही.

या चाचणीचा अर्थ लावताना एक साधे गणित उपयोगी पडते. समजा, उलट्या करणारे 100 कुत्रे दवाखान्यात आले आणि त्यांपैकी 20 जणांना खरोखर स्वादुपिंडदाह आहे. झटपट चाचणी आजारी शंभरांतले 90 पकडते आणि आजार नसलेल्या शंभरांतल्या 75 जणांना बरोबर ‘नाही’ म्हणते, असे धरू. प्रकाशित अभ्यासांतले आकडे या आसपासचे आहेत. मग 20 पैकी 18 जणांचा ठिपका गडद येईल. उरलेल्या 80 पैकी 20 जणांचाही गडद येईल, चुकीने. म्हणजे 38 गडद ठिपक्यांत खरे रुग्ण 18, निम्म्याहूनही कमी. दुसऱ्या बाजूला फिके ठिपके 62, आणि त्यांत निसटलेले रुग्ण फक्त 2. झटपट चाचणीचा खरा उपयोग यातून दिसतो: ती ‘नाही’ म्हणाली तर तिच्यावर बऱ्यापैकी विसंबता येते, ‘हो’ म्हणाली तर शोध सुरू ठेवावा लागतो. प्रयोगशाळेतला आकडा 400 च्या पुढे गेला तर चुकीचे ‘हो’ कमी होतात, पण सौम्य आजाराचे बरेच रुग्ण निसटतात.

चुकीचे ‘हो’ नेहमी यंत्राची चूक असते असेही नाही. शेजारचे आतडे किंवा पोटाचे आवरण सुजले की स्वादुपिंडालाही झळ लागते आणि लायपेज खरोखरच गळते. आपल्याकडे सर्रास आढळणाऱ्या गोचिडतापातही, बाबेसिया आणि एर्लिकिया या दोन्हींत, हा आकडा चढलेला आढळतो. तिथे लायपेज खरे असते, मूळ आजार वेगळा असतो.

सोनोग्राफी वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देते: ग्रंथी आज कशी दिसते? तीन गोष्टी शोधल्या जातात. स्वादुपिंड मोठे झाले आहे का, नेहमीपेक्षा काळसर दिसते का, आणि त्याच्याभोवतीची चरबी पांढरी, चमकदार झाली आहे का. सूज म्हणजे पाणी, आणि पाणी पडद्यावर काळे दिसते. दाह झालेली चरबी उजळते. शेजारी थोडे पाणी साठलेले, ग्रहणीची भिंत सुरकुतलेली, कधी पित्तनलिका फुगलेली असते. 2020 च्या एका अभ्यासात या तिन्हींपैकी एक जरी खूण पुरेशी मानली, तर तपासणीने 89 टक्के रुग्ण पकडले, पण आजार नसलेल्यांपैकी 43 टक्क्यांनाच बरोबर वगळले. तिन्ही खुणा हव्यात असा आग्रह धरला, तर पकड 43 टक्क्यांवर घसरली आणि वगळण्याची अचूकता 92 टक्क्यांवर गेली. त्याच अभ्यासात सोनोग्राफी आणि लायपेज यांचा एकमेकांशी मेळ कमकुवत निघाला. याचे नवल वाटायला नको. लायपेज पेशी फुटल्याबरोबर रक्तात येते, चित्र बदलायला कधी एक-दोन दिवस लागतात. उलट लायपेज उतरल्यावरही सूज पडद्यावर काही काळ टिकते. शिवाय जठरात वायू असेल तर डावी शाखा दिसतच नाही, आणि रक्तातले अल्ब्युमिन घटले तर दाह नसतानाही ग्रंथीत पाणी भरते.

दोन नमुना-रुग्ण शेजारी ठेवले की हे सारे कसे जुळवायचे ते कळते. पहिली नऊ वर्षांची स्थूल पॉमेरियन मादी. गटारीच्या रात्री तिने मटणाची चरबी खाल्ली, दुसऱ्या दिवशी सहा उलट्या, पोटाला हात लावू देत नाही. ठिपका गडद, प्रयोगशाळेचा आकडा 640. एक्स-रेत अडथळा नाही. सोनोग्राफीत मात्र विशेष काही नाही, निम्मे पोट वायूने झाकलेले. इथे स्वच्छ सोनोग्राफीमुळे निदान सोडून द्यायचे नाही. वय, बांधा, खाणे, दुखणे आणि लायपेज एकाच दिशेने बोट दाखवत आहेत. सलाइन, उलटी थांबवणारे मॅरोपिटंट आणि वेदनाशामक सुरू होते. तिसऱ्या दिवशी पुन्हा पाहिले, तर उजवी शाखा जाड आणि काळी, भोवतीची चरबी उजळलेली.

दुसरा चार वर्षांचा लॅब्रॅडॉर. दोन दिवस उलट्या, पोट दुखते, ठिपका याचाही गडद, आकडा 310. इथेच थांबले तर त्यालाही सलाइनवर ठेवून वाट पाहिली जाईल. पण तो तरुण आहे, सडपातळ आहे, आणि पावसाळ्याचे दिवस आहेत. घरच्यांना नीट विचारल्यावर भाजलेल्या मक्याचे बुरखुंड गायब झाल्याचे आठवते. बुरखुंड एक्स-रेत सहसा धड दिसत नाही. सोनोग्राफीत आतड्यात एक चमकदार कमान, तिच्यामागे गडद सावली आणि अलीकडचे आतडे पाण्याने फुगलेले दिसते. स्वादुपिंडाचा काठ किंचित काळसर आहे, पण तो परिणाम आहे, कारण नव्हे. या कुत्र्याला शस्त्रक्रिया लागते, आणि उशीर झाला तर आतडे फाटू शकते. पोटदुखीच्या कुत्र्यात सोनोग्राफीचे मोठे काम म्हणूनच बहुधा हे असते: स्वादुपिंड सुजले आहे हे सिद्ध करण्यापेक्षा, दुसरे काही निसटत नाही ना ते पाहणे.

पॉमेरियनच्या उपचारात पुढे लायपेजचा आकडा रोज मोजून फारसे हाती लागत नाही. किती पाणी कमी पडते आहे, लघवी होते आहे का, दुखणे उतरले का, कावीळ दिसते का, याकडे लक्ष असते. प्रतिजैविके सरसकट लागत नाहीत, कारण हा दाह सहसा जंतूंचा नसतो. पोट दिवसेंदिवस रिकामे ठेवण्याची जुनी रीतही मागे पडली आहे. उलट्या आटोक्यात आल्या की थोडे थोडे, मेद अगदी कमी असलेले अन्न सुरू करतात, आणि कुत्रा तोंड लावत नसेल तर नळीने देतात. ती चौथ्या दिवशी आपणहून उकडलेली कोंबडी आणि भात खाते, उलटी करत नाही, पोट दाबू देते. तेवढ्यावर तिला घरी सोडता येते, आकडा अजून 400 च्या वर असला तरी.