संक्रांतीची काच

संक्रांतीसाठी कापडदुकानाची दर्शनी काच सजवायची तर मुख्य माल काळा: चंद्रकळा, काळी पैठणी, बोरन्हाणासाठी बाळाचं काळं झबलं. काचेमागे दाखवायला सगळ्यांत अवघड रंगही हाच. दिवाळीचे लाल-केशरी रंग कसेही मांडले तरी दिसतात. काळी साडी मात्र दुपारी रस्त्यावरून पाहिली तर तिच्या जागी समोरच्या इमारतीचं आणि रिक्षांचं प्रतिबिंबच दिसतं.

साधी काच तिच्यावर समोरून पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे ८ टक्के परत फेकते. बाहेर लख्ख ऊन असताना हे ८ टक्केही भरपूर होतात. आतल्या दिव्यांचा उजेड त्या मानाने अगदीच थोडा, आणि काळं कापड त्यातलाही बहुतेक गिळून टाकतं. म्हणून दिवे वाढवण्याआधी काचेवर छज्जा किंवा कनात पुढे ओढून सावली करावी. मग साडीच्या मागे हलक्या रंगाचं काहीतरी हवं. धुवट मांजरपाटाचा तीन-चार फूट रुंद पट्टा वरपासून खालपर्यंत सोडला की साडीची कड स्पष्ट उठते. पट्ट्याच्या दोन्ही बाजू मोकळ्या ठेवाव्यात. त्यातून आतलं दुकान आणि तिथली माणसं दिसली, तर आत शिरायला संकोच वाटत नाही.

या काचेत दिवसा लक्ष वेधण्याचं काम हलव्याच्या दागिन्यांनी करायचं. काळ्यावर पांढरा हार, बाजूबंद, मुकुट रस्त्यापलीकडूनही दिसतो. खरा हलवा मात्र साखरेचा. जवळच्या गरम दिव्याने आणि दमट हवेने तो चिकट होतो, मग मुंग्या लागतात. एलईडी दिवे वापरावेत आणि दागिन्यांचा एक जादा संच ठेवावा. संध्याकाळी साडीची पाळी. दिवा समोरून सरळ टाकला तर काळं सपाट दिसतं. वरून, एका बाजूने, साधारण ४५ अंशांत टाकलेला पिवळसर दिवा निऱ्यांच्या कडा आणि जरीचे काठ उजळतो.

एवढं करूनही पुतळा काचेला अगदी समोरासमोर उभा केला, तर अर्धी मेहनत वाया जाते. माणूस काचेसमोर येऊन थांबत नाही, तो बाजूने चालत येतो. साधारण चालीने दहा फुटांची काच दोन-तीन सेकंदांत मागे पडते. तेव्हा संध्याकाळची गर्दी कुठल्या बाजूने येते ते आधी पाहावं आणि पुतळ्याचा चेहरा व पदर तिकडे वळवावा. तेवढ्या वेळात एकच गोष्ट कळू शकते. साडी नेसलेली आई आणि शेजारी झबल्यातलं बाळ एवढी जोडी पुरे. त्यात पतंग, तिळगुळाची ताटं, सवलतीचे फलक घातले की नजर कुठेच टिकत नाही. किंमत मात्र लिहावी, ठळक आणि डोळ्यांच्या उंचीवर. न लिहिलेली किंमत गिऱ्हाईक मनात जास्तच धरतं, असं मला वाटतं.

तारीख ठरवताना १४ जानेवारीपासून मागे मोजावं. साडीवर ब्लाउज शिवायचा असतो आणि सणाच्या तोंडावर शिंपी आठ-दहा दिवस सहज मागतो. दहा जानेवारीला लावलेली काच बघून बाई हळहळेल, पण साडी घेणार नाही. म्हणून डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, दुकान बंद झाल्यावर एका रात्रीत मांडणी उरकावी. संक्रांत झाली की काच उतरवायची घाई नको, कारण हळदीकुंकू आणि बोरन्हाण रथसप्तमीपर्यंत चालतात. तेव्हा फक्त जोडीचा क्रम बदलावा: बाळ पुढे, आई मागे, आणि साडीसोबत तयार ब्लाउज.

काचेतली साडी आत दाराजवळच्या पहिल्याच फळीवर मिळायला हवी, किमान तीन-चार नग. एकच नग असेल तर तो काचेत लावूच नये. गिऱ्हाईक नेमका तोच मागतं आणि पुतळा ऐन गर्दीत उघडा करावा लागतो.

मांडणी जमली का, हे मोजून कळतं. नवी काच लावण्याआधी एका संध्याकाळी तासभर किती जण गेले, किती थांबले, किती आत आले, हे एकाने टिपून ठेवावं. नंतर त्याच वारी, त्याच वेळी पुन्हा टिपावं. समजा, तासाला ४०० माणसं जातात. आधी १० थांबत होती आणि आताही तेवढीच थांबत असतील, तर मांडणी दिसतच नाही: दिवा, सावली, पुतळ्याची दिशा तपासावी. ३० थांबून दोघंच आत येत असतील, तर काचेला हात लावू नये. अडचण दारात आहे: पायरीवर ठेवलेली खोकी, दार अडवून उभा असलेला नोकर, किंवा न लिहिलेली किंमत.