खडाखडा वाचतो, मग अडतं कुठे?

दुसरी-तिसरीपर्यंतच्या धड्यांत मुलाला नवं असं फारसं काही नसतं. मांजर, पाऊस, आजीचं घर, बाजार हे सगळं त्याला तोंडी ठाऊकच असतं, शिकायचं ते फक्त कागदावर ओळखायला. चौथी-पाचवीत पारडं उलटतं. आता अक्षरं ओळखीची असतात आणि मजकूर अनोळखी. हार्वर्डच्या अभ्यासक जीन चॉल यांनी १९८३ साली वाचनाचे टप्पे मांडले, त्यात हे वळण साधारण चौथीच्या आसपास येतं. पुढे त्यांनी अमेरिकेतल्या गरीब घरांतल्या मुलांचा अभ्यास केला. ही मुलं तिसरीपर्यंत बरोबरीने चालली होती, पण चौथीपासून मागे पडू लागली. आधी अडली ती शब्दांच्या अर्थाशी, त्यातही रोजच्या बोलण्यात न येणाऱ्या शब्दांशी.

पाचवीच्या पुस्तकात शोभेल असं एक वाक्य घेऊ: ‘बाष्पीभवनामुळे तयार झालेली वाफ उंचावर गेल्यावर थंड होते व तिचे सांद्रीभवन होऊन ढग निर्माण होतात.’ समजा, वर्गातली दोन मुलं हे वाचतायत. पहिला ‘बाष्पी’पाशी थबकतो, ‘सांद्री’वर पुन्हा अडखळतो. वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवातीला काय होतं ते त्याच्या डोक्यातून निसटलेलं असतं. दुसरी एका दमात, न चुकता वाचते. बाई खूश. मग प्रश्न येतो, ‘ढग कसे निर्माण होतात?’ ती प्रश्नातला ‘ढग निर्माण’ धड्यात शोधते, ते वाक्य जसंच्या तसं उतरवते आणि पूर्ण गुण घेते.

आता तिलाच विचारा, ‘तिचे म्हणजे कोणाचे?’ किंवा ‘वाफ वर गेली आणि थंड झालीच नाही, तर?’ ती गप्प. याचं उत्तर उतरवून काढता येत नाही, कारण ते धड्यात तसं लिहिलेलंच नाही.

देवनागरीचं इथे एक कौतुक आहे आणि तोच एक चकवा आहे. इंग्रजीत अनोळखी शब्दाचा उच्चार कित्येकदा अंदाजानेच करावा लागतो. मराठीत बाराखडी आणि जोडाक्षरं पक्की झाली की अर्थ ठाऊक नसलेला शब्दही बहुतेक वेळा बरोबर वाचता येतो. त्यामुळे प्रकट वाचन ऐकून मुलाला समजलं असेल असं धरून चालणं मराठी शाळेत जास्तच धोक्याचं. प्रश्नोत्तरं पाठ करून घेणारी गाईडं हा चकवा आणखी लांबवतात, असं मला वाटतं.

फिलिप गफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ साली आकलनाचं गणित गुणाकाराने मांडलं: लिपी उलगडण्याची क्षमता गुणिले भाषा समजण्याची क्षमता. बेरीज नव्हे, गुणाकार. यातलं एक शून्याच्या जवळ असलं, तर दुसरं कितीही भक्कम असून उपयोग नाही. आपल्या दोघांची अडचण म्हणूनच एक नाही, आणि ती ओळखायला महागडी चाचणीही लागत नाही. तोच उतारा मोठ्याने, सावकाश वाचून दाखवायचा आणि तेच प्रश्न तोंडी विचारायचे. पहिला मुलगा ऐकल्यावर भराभर उत्तरं देतो, म्हणजे त्याचं घोडं लिपीत अडलंय. मुलीला ऐकूनही उमगत नाही, म्हणजे तिच्याकडे ते शब्द आणि तो विषयच नाही. काहींचं दोन्हीकडे अडलेलं असतं, आणि एका उताऱ्यावरून निकाल लावू नये. दोन-तीन वेगळ्या विषयांवरचे उतारे घ्यावेत.

शाळांत मात्र दोघांना सहसा एकच औषध मिळतं: ‘वाचन वाढव.’ पहिल्याला खरी गरज असते ती ‘सां-द्री-भ-वन’ असे लांब शब्द फोडून वाचण्याची आणि एकच छोटा उतारा सहज जमेपर्यंत पुन्हा पुन्हा वाचण्याची. हाच सराव मुलीला दिला, तर ती न समजलेलं आणखी वेगाने वाचेल.

तिला हवा आधी विषय. डोना रेख्त आणि लॉरेन लेस्ली यांनी १९८८ साली अमेरिकेतल्या सातवी-आठवीच्या मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची, पण खेळ जाणणारी मुलं खेळ न जाणणाऱ्या चांगल्या वाचकांना मागे टाकून गेली. म्हणून धड्याआधी उकळत्या पातेल्यावर थंड ताटली धरून दाखवावी, ताटलीखालचे थेंब बोटाने पुसायला लावावेत आणि ‘सांद्रीभवन’ हा शब्द तेव्हाच सांगावा. घरी अहिराणी, कोरकू किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलांना आधी त्यांच्या भाषेत हे सांगू द्यावं. त्यांना पुस्तकी मराठी ही निम्मी-अर्धी नवी भाषाच असते. ‘अन्यथा’, ‘तथापि’, ‘जरी… तरी’ हे जोडणारे शब्द तर शब्दार्थांच्या यादीत क्वचितच येतात, आणि वाक्याचा अर्थ नेमका त्यांच्यावरच फिरतो. घरी मोठ्यांनी मुलाच्या वाचनाच्या पातळीपेक्षा थोडं अवघड पुस्तक वाचून दाखवलं की असे शब्द कानावरून जातात. मूल स्वतः वाचायला लागलं की आपण हे वाचून दाखवणं बंद करतो, नेमकं चौथीच्या सुमारास.